बाबांचं खातं, ताईची सही: अधिकार कुठपर्यंत?

आजचा भाग थोडा घरचा आहे. मी पुण्यात नोकरी करतो. आई-बाबा नागपूरला, महालात. ताई त्यांच्यापासून दहा मिनिटांवर, नंदनवनला. तुमच्यातल्या अनेकांच्या घरचा नकाशा असाच असेल: एक मूल बाहेर, एक मूल जवळ, आणि जवळच्यावर सगळा भार.

बाबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि एक दिवस त्यांचा चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. घरी चर्चा सुरू झाली. बाबांचं म्हणणं साधं होतं, "अरे, ताईला एटीएमचा पिन देऊन टाकतो न. कागदं कायले पाहिजे?"

मी स्वतः आधी हेच करत होतो. बाबांचं नेट बँकिंग माझ्याच फोनवर होतं, ओटीपी मी फोन करून विचारायचो. सोयीचं वाटतं. पण पिन दिला म्हणजे अधिकार दिला असं होत नाही. बँकेच्या हिशोबी तो पिन बाबाच वापरत असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकानं स्वतः पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. शिवाय ताईनं काढलेले पैसे कशाला गेले, असा प्रश्न उद्या कुणा नातेवाइकानं विचारला, तर ताईकडे दाखवायला एक कागदही नाही. पिन देण्यात धोका बाबांना आहेच, पण त्याहून जास्त ताईला आहे.

मग ताई बँकेत गेली. तिथे दोन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट अशी, की सही जमत नसली तरी खातं अडत नाही. आजारी किंवा वृद्ध खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठा द्यायचा, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही देता येत नसेल तर नुसती खूणही चालते, साक्षीदार तसेच. अर्थात हे दर महिन्याच्या दूध-औषधासाठी जमणारं काम नाही.

दुसरी गोष्ट मँडेट, म्हणजे अधिकारपत्र. बाबा बँकेला लिहून देतात, की माझ्या या खात्यावर माझी मुलगी सही करू शकते. ताईचं केवायसी होतं, तिच्या सहीचा नमुना बँकेत जातो. खातं बाबांचंच राहतं. ताई जॉइंट खातेदार होत नाही, नॉमिनी होत नाही, मालक तर नाहीच. ती फक्त बाबांचा हात होते.

आता इथे नीट ऐका. मँडेटचा छापील फॉर्म बहुतेक वेळा फार मोकळा असतो. चेक काढणं, पैसे काढणं, कधी ओव्हरड्राफ्टसुद्धा, सगळं एका परिच्छेदात. बाबांनी जे नको ते खोडलं आणि प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी सही केली, साक्षीदारांसमोर. महिन्याला अमुक रकमेची मर्यादा घाला म्हटलं, तर अधिकारी म्हणाले, आमच्या सिस्टिममध्ये तशी सोय नाही.

तेव्हा त्यांनीच उपाय सांगितला. बाबांची पेन्शन ३८ हजार, घरचा आणि औषधांचा खर्च साधारण २२ हजार. पेन्शनच्या खात्याला हातच लावायचा नाही. त्याच शाखेत बाबांच्या नावानं दुसरं बचत खातं काढायचं आणि दर महिन्याच्या ५ तारखेला २५ हजार आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला द्यायची. मँडेट फक्त या दुसऱ्या खात्यावर. मर्यादा फॉर्मवर लिहावीच लागली नाही. खात्यात जेवढे असतील तेवढेच ताईला काढता येणार. दोन्ही खात्यांचे मेसेज बाबांच्याच मोबाइलवर. बाबा रोज चष्मा लावून ते वाचायचे आणि ताईला विचारायचे, "आज ८०० कायचे ग?" ताई चिडायची, पण वहीत लिहून ठेवायची.

पावणेदोन वर्षं हे छान चाललं. मग बाबांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण ओळख गेली. मला बघून ते कुणीतरी पाहुणा आल्यासारखं हसायचे.

हॉस्पिटलचं बिल वाढत होतं. ताई मँडेट घेऊन बँकेत गेली आणि बाबांची अवस्था खरी खरी सांगितली. अधिकारी म्हणाले, "ताई, आता तुमची सही मला चालवता येणार नाही."

आम्ही हादरलो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो बंद? पण त्यांचं बरोबर होतं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१: ज्यानं अधिकार दिला तो मरण पावला किंवा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली, की अधिकार संपतो. मुखत्यारपत्रालाही हेच लागू. स्टँप पेपर कितीही रुपयांचा असला तरी. तर्क सरळ आहे. ताई बाबांचा हात होती. हात काय करतो हे बघणारं, आणि नको वाटलं तर थांबवणारं डोकंच राहिलं नाही, तर नुसता हात चालू ठेवता येत नाही.

यापुढचा रस्ता कोर्टाचा. कोमातल्या रुग्णांसाठी मुंबई उच्च न्यायालयानं पालक नेमल्याचे निकाल आहेत, आणि त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. पण त्याला वकील, डॉक्टरांचे दाखले, वारसांची संमती आणि वेळ लागतो. बिल तेवढं थांबत नाही.

आम्हाला वाचवलं ते बाबांच्या एका जुन्या निर्णयानं. मँडेट केलं त्याच आठवड्यात त्यांनी ३ लाख आईच्या एकटीच्या खात्यात टाकले होते. "हे तुझे. मला इचारू नको," एवढंच म्हणाले होते. ते पैसे आईचे झाले होते, म्हणून आईच्या सहीनं निघाले. यातला धोकाही ओळखा: असे दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणून सगळे नाही, दोन-तीन महिन्यांच्या दवाखान्यापुरते.

बाबा चार महिन्यांनी गेले. त्या रात्री एक नातेवाईक हळूच म्हणाले, "एटीएम कार्ड आहे न? बँकेला कळायच्या आत काढून घ्या." हेतू वाईट नव्हता. पण त्या क्षणापासून ते पैसे बाबांचे नव्हते, सगळ्या वारसांचे होते. आम्ही कार्ड कापलं.

नॉमिनी ताई होती. तिनं मृत्यूचा दाखला देऊन पैसे घेतले आणि तीन वाट्यांत वाटले, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे २०१० मध्येच सांगितलं होतं. १४ डिसेंबर २०२३ ला, 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या वादात, शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तेच ठरलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही.

तर या रविवारी घरी फोन कराल तेव्हा एकच विचारा: बाबा, आई, तुमची सही आत्ता जुळते का? जुळत असेल तर दुसरं खातं आणि मँडेट याच महिन्यात करा. हे सगळे कागद त्यांचं डोकं शाबूत असेपर्यंतच होतात.

ताईची ती वही अजून आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय: औषधं ८००, बाबांनी विचारलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.