गिरणीतल्या नव्या यंत्राचा हिशेब

समजा, तुमसरच्या एका भातगिरणीत तांदूळ निवडणारं नवं यंत्र बसवायचं आहे. यंत्र 40 लाखांचं, वाहतूक 1 लाख, पाया 3 लाख आणि जोडणी 4 लाख. ही बिलं वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून ईआरपीमध्ये आधी या कामाचा एक प्रकल्प-क्रमांक उघडतात. प्रत्येक खरेदी-आदेशावर तोच क्रमांक टाकला, की खर्च 'अपूर्ण भांडवली काम' या खात्यात साठत जातो. यावर घसारा लागत नाही. कामगारांच्या प्रशिक्षणाचे 50 हजार मात्र इथे चालत नाहीत. तो त्या वर्षाचाच खर्च. परतावा मिळणारा जीएसटीही किमतीत धरायचा नाही.

1 डिसेंबरला चाचणी होऊन यंत्र वापरायला तयार झालं. त्याच तारखेला 48 लाख स्थिर मालमत्तेत वळवायचे. घोळ इथेच होतो. जोडणीचं बिल आलं नाही म्हणून लेखनिक मार्चअखेरपर्यंत थांबतो! पण काम पूर्ण झाल्याची नोंद खरेदी-आदेशावर केली, की बिल नसतानाही रक्कम प्रकल्पात येते. पुढे फरक पडलाच तर किमतीत दुरुस्ती करता येते.

आयुष्य 15 वर्षं आणि अखेरची किंमत शून्य धरली, तर वर्षाला 3 लाख 20 हजार घसारा. लेखनिक थांबल्यामुळे डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचा सुमारे 1 लाख 7 हजार घसारा लावायचा राहिला, तर नफा तेवढाच फुगलेला दिसतो. म्हणून दर महिन्याला अपूर्ण कामांची यादी काढा आणि बरेच दिवस नवा खर्च न पडलेला क्रमांक दिसला, तर गिरणीत जाऊन यंत्र सुरू आहे का ते पाहा.