हॉलला लाद्या किती लागतील?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘आपलं घर’ व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सध्या आपल्या दोन्ही विंगमध्ये कटर मशीनचा आवाज बंद होत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लाद्या लोक आता काढतायत. बाकीच्यांनीही कधी ना कधी काढायच्याच आहेत. तेव्हा मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे : दुकानात गेल्यावर किती पेट्या सांगायच्या? पेट्या कमी पडल्या तर नंतर आणलेल्या लाद्या शेडला जुळतीलच असं नाही, आणि जास्त झाल्या तर दुकानदार फोडलेली पेटी परत घेत नाही.

पहिलं म्हणजे लादीचं माप. दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणतात, पण पेटीवर ६०० बाय ६०० मिलिमीटर लिहिलेलं असतं. दोन फूट म्हणजे ६०९ मिलिमीटरच्या थोडं वर. म्हणजे प्रत्येक लादी साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर आखूड. चार लाद्यांची पेटी १६ चौरस फूट धरून चालतात, ती प्रत्यक्षात साडेपंधरा भरते. एका पेटीत हे कळत नाही, पण अख्ख्या घराला तीस-चाळीस पेट्या लागतात, तिथे एखादी पेटी सहज कमी पडते. म्हणून माप मिलिमीटरमध्येच घ्या. खोली तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, जमिनीलगत टेप टाकून. आपल्या भिंती गुण्यात नाहीत, हे बांधकामाच्या वेळचे सगळे सभासद जाणतात! त्यातलं मोठं माप धरा.

आता उदाहरण घेऊ. हॉल १६ फूट बाय साडेदहा फूट, म्हणजे ४८७७ बाय ३२०० मिलिमीटर. क्षेत्रफळ १५.६१ चौरस मीटर, एका लादीचं ०.३६. भागाकार केला की ४३.४ येतात, म्हणजे ४४ लाद्या. बरेचजण इथेच थांबतात, किंवा वर दहा टक्के टाकून मोकळे होतात. पण लादी ही काही तांदूळ नव्हे, की उरलेलं गोळा केलं आणि परत मापात भरलं. कापलेला तुकडा कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, यावर हिशोब ठरतो. म्हणून क्षेत्रफळ बाजूला ठेवून ओळी मोजायच्या.

दोन लाद्यांमध्ये २ मिलिमीटरचा स्पेसर धरू. म्हणजे एका लादीला ६०२. लांबीत आठ लाद्या लावल्या की ४८१६ होतात आणि ६१ मिलिमीटरची, जेमतेम अडीच इंचाची पट्टी उरते. अशी पट्टी कापताना मोडते आणि भिंतीलगत ठिगळासारखी दिसते. चांगला मिस्त्री काय करतो? आठऐवजी सातच अख्ख्या लाद्या मध्ये घेतो आणि दोन्ही टोकांना साधारण ३३० मिलिमीटरचे सारखे तुकडे देतो. रुंदीत पाच अख्ख्या लाद्या म्हणजे ३०१०, आणि १९० उरतात. ही पट्टी दोन्हीकडे वाटली तर आणखी कापाकापी होते, म्हणून ती सगळी खिडकीकडे, सोफ्याखाली घालवायची आणि समोरच्या भिंतीकडून अख्खी लादी सुरू करायची.

मोजा आता. अख्ख्या लाद्या सात गुणिले पाच, ३५. दोन्ही टोकांना पाच-पाच तुकडे, ते दहा. ३३० चा तुकडा काढल्यावर ब्लेडची जाडी जाऊन साधारण २६७ चा उरतो, त्यातून दुसरा ३३० निघत नाही. म्हणून दहा तुकड्यांना दहा लाद्या. झाल्या ४५. खिडकीकडची ओळ राहिली : १९० रुंदीच्या सात पट्ट्या आणि दोन कोपरे. त्या उरलेल्या दहा तुकड्यांमधून निघतात! २६७ चा तुकडा आडवा फिरवायचा, १९० ला कापायचा, कारखान्याची कड खोलीकडे आणि कापलेली कड भिंतीकडे, स्कर्टिंगखाली. नऊ तुकडे लागले, एक उरला. नवीन लादी एकही नाही.

मात्र हे साध्या, एकरंगी लादीचं. लादीवर लाकडासारख्या रेषा असतील किंवा मार्बलची शीर एकाच दिशेने जात असेल, तर तुकडा आडवा फिरवता येत नाही. रेषा एका ओळीत उभ्या आणि दुसऱ्या ओळीत आडव्या दिसतील. मग सात पट्ट्या नव्या लाद्यांतून काढाव्या लागतात. एका लादीतून दोनच, कारण मधल्या तुकड्याच्या दोन्ही लांब कडा कापलेल्या असतात आणि सांध्यात ती कड खडबडीत दिसते. सात पट्ट्या आणि दोन कोपरे मिळून पाच लाद्या जास्त. हॉल तोच, लादीचा आकार तोच, पण ४५ च्या जागी ५०. डिझाइन पसंत करतानाच हा फरक लक्षात घ्यायला हवा. वहिनी लोकांनी कृपया रागावू नये, बहुतेक घरी रेषांचीच लादी पसंत पडते!

स्कर्टिंग लोक हमखास विसरतात. हॉलचा घेर १६.१५ मीटर. दारांच्या जागा वजा करून सव्वाचौदा धरू. एका लादीतून चार इंची पट्ट्या पाच निघतात, सहावी ब्लेडच्या जाडीमुळे आखूड पडते. पाच पट्ट्या म्हणजे तीन मीटर. सव्वाचौदाला तीनने भागा, पाच लाद्या. साध्या लादीचा हॉल आता ४५ आणि ५ मिळून ५० झाला.

मग मोडतोड. लादी जिन्यातून चढते, पेटीचा कोपरा कठड्याला लागतो, कापताना लादी शेवटच्या इंचात तडकते. याला मी शेकडा पाच धरतो, म्हणजे तीन लाद्या. ५३ झाल्या. पेटीत चार, म्हणून १३ पेट्या पुरत नाहीत, १४ घ्याव्या लागतात. ५६ लाद्या येतात, तीन शिल्लक राहतात.

‘सरसकट दहा टक्के’ का चुकतं, ते आपल्या पॅसेजमध्ये बघा. साडेतीन फूट रुंद, बारा फूट लांब. क्षेत्रफळाने ११ लाद्या, दहा टक्के धरून १२. पण रुंदीत एक अख्खी आणि ४६५ चा तुकडा बसतो, म्हणजे प्रत्येक ओळीला दोन लाद्या. सहा ओळींच्या बारा. टोकाची दीड-दोन इंची पट्टी तुकड्यांतून निघेल. म्हणजे दहा टक्के सगळे कापण्यातच गेले, मोडतोडीला एकही लादी राहिली नाही. खोली जितकी अरुंद आणि लादी जितकी मोठी, तितकी टक्केवारी फसवते. आणि लाद्या तिरप्या, शंकरपाळ्यासारख्या लावायच्या असतील, तर चारही भिंतींना त्रिकोणी तुकडे पडतात, तिथे पंधरा टक्क्यांखाली जाऊ नका.

पेट्या घरात आल्या की फोडण्याआधी एक काम करा. प्रत्येक पेटीवर बॅच नंबर, शेड आणि आकाराचा कोड छापलेला असतो. तो सगळ्या पेट्यांवर एकच हवा. शेड वेगळी असेल तर उन्हात दिसते, आकाराचा कोड वेगळा असेल तर पाचव्या-सहाव्या ओळीत सांधे सरकायला लागतात. मग मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही.

आणि त्या उरलेल्या तीन लाद्या भंगारवाल्याला देऊ नका. वरच्या मजल्याची गळती शोधताना जमीन कुठे फोडावी लागते, हे आपण बी विंगमध्ये पाहिलंच आहे. पाच वर्षांनी तीच लादी बाजारात मिळेलच असं नाही. माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या रचून वर सामान टाकू नका. पेटीवरचा बॅच नंबराचा तुकडा कापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावून टाका.

कोणाकडे खोलीची मापं असतील तर चहानंतर घेऊन या, कागद-पेन्सिल आहे माझ्याकडे.