बिलिंग सॉफ्टवेअर घेताय? आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा

आजचा विषय दुकानाच्या काउंटरवरचा. वरोऱ्यात आमचं किराणा दुकान आहे. माढेळी, शेगाव, टेमुर्डा इकडची गिऱ्हाईकं येतात. सोयाबीन-कापूस विकला की उधारी फिटते, म्हणजे पाच-सहा महिने आमचा पैसा वहीतच असतो. त्यामुळे आमच्यासाठी बिलापेक्षा उधारीचा हिशोब मोठा.

ती वही बंद करून मी एक अ‍ॅप घेतलं होतं. नाव घेत नाही. दीड वर्ष छान चाललं. मग वर्षाचे पैसे वाढले, म्हटलं दुसरं घेऊ. तर त्यात डेटा बाहेर काढायची सोय काय, तर एकेका गिऱ्हाइकाची पीडीएफ! १४३ खाती होती. मी आणि धाकटा भाऊ दोन रात्री बसून आकडे टाइप करत होतो. बाबा एवढंच म्हणाले, "वही पाण्यात पडली तरी वाळवता येते रे."

म्हणून दुसऱ्यांदा घेताना मी क्रम उलटा केला. आधी बाहेर पडायचा दरवाजा बघितला, मग आतलं घर.

दोन सॉफ्टवेअर निवडली. एक मोबाइलवरचं, एक कॉम्प्युटरवरचं. दोन्हींचं फुकट ट्रायल घेतलं आणि दोन्हीत सारखाच माल भरला. २० वस्तू, ५ गिऱ्हाईकं आणि तीन बिलं: एक रोखीचं, एक उधारीचं, एक माल परत आल्याचं. मग लगेच सगळं एक्स्पोर्ट करून पाहिलं.

इथे एक फरक नीट समजून घ्या. बॅकअप म्हणजे एक्स्पोर्ट नाही. बॅकअपची फाइल बहुतेक वेळा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एक्स्पोर्ट म्हणजे एक्सेल किंवा सीएसव्ही, जी कुठेही उघडते. पीडीएफ वाचायला बरी, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला कामाची नाही. मला तीन याद्या हव्या होत्या: खरेदी भावासकट वस्तू आणि शिल्लक माल, प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी, आणि तारखेनुसार सगळी बिलं. मोबाइलवाल्याने पहिल्या दोन दिल्या, बिलांची यादी फक्त पीडीएफमध्ये. कॉम्प्युटरवाल्याने तिन्ही दिल्या.

पण फाइल मिळाली म्हणजे झालं असं नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली, तर 'तूरडाळ'च्या जागी भलतीच चिन्हं. आणि बारकोडच्या जागी 8.90E+12! १३ आकड्यांचा बारकोड एक्सेलने मोठी संख्या समजून आखडून टाकला. तशीच सीएसव्ही परत सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात. उपाय सोपा आहे. रिकामं एक्सेल उघडा, Data मध्ये From Text/CSV निवडा, File Origin ला 65001: Unicode (UTF-8) ठेवा आणि बारकोडचा कॉलम Text करा. शेवटी बाकीची बेरीज करा. ती सॉफ्टवेअरमधल्या एकूण येण्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली, तर माल परतीचं बिल बहुधा सुटलं आहे.

आता फीचर. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत. दुकानदारांसाठी तिची मर्यादा वर्षाला दीड कोटीची उलाढाल. या योजनेत गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, म्हणून टॅक्स इनव्हॉइस नाही, 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं. ते निघतं का, एवढंच मी पाहिलं. ई-इनव्हॉइस वगैरे असलेला महागडा प्लॅन आम्हाला नकोच होता.

किंमत तीन वर्षांची काढा. मोबाइलवाला दोन फोनसाठी वर्षाला २,४०० म्हणत होता, म्हणजे ७,२००. कॉम्प्युटरवाला एकदा ६,५०० आणि पुढची दोन वर्षं हजार-हजार, म्हणजे ८,५००. फरक १,३०० चा. पण मी दोघांनाही एक प्रश्न विचारला: पैसे भरणं थांबवलं तर जुनी बिलं दिसतील का? कारण जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. मोबाइलवाला म्हणाला, लॉगिन बंद होईल. कॉम्प्युटरवाला म्हणाला, नवीन बिल निघणार नाही, जुनं दिसेल. तेही मी लेखी मागून घेतलं.

शेवटची परीक्षा बाबांची. नेट बंद केलं, त्यांना पाच वस्तूंचं उधारीचं बिल करायला सांगितलं आणि मी गप्प उभा राहिलो. मोबाइलवर ४० सेकंद लागले, कॉम्प्युटरवर दीड मिनिट, तेही दोनदा चुकून. इथे मोबाइलवाला जिंकला, खोटं कशाला बोलू? तरी आम्ही कॉम्प्युटरवाला घेतला, कारण बाबांचा हात आठवड्यात बसला. बंद झालेलं लॉगिन आठवड्यात उघडत नाही.

आता दर महिन्याच्या १ तारखेला त्या तीन याद्या काढतो आणि पेन ड्राइव्हवर ठेवतो. उधारीच्या यादीची एक छापील प्रत बाबांच्या गल्ल्यात असते.

तुमच्या दुकानात सध्या जे सॉफ्टवेअर आहे, त्यातून आज रात्री उधारीची यादी एक्सेलमध्ये काढून बघा. निघाली की नाही, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!