सान्निन, सांबिकी, सांदाइ : मोजणीतली माणसं, मांजरं आणि मोटारी



जपानीच्या पहिल्या वर्षात मोजणीचा धडा येतो, तेव्हा वाक्यं बहुधा इंग्रजीतून दिलेली असतात आणि ती अगदी साधी असतात. देअर आर थ्री पीपल. देअर आर थ्री कॅट्स. देअर आर थ्री कार्स. आमचा मराठी विद्यार्थी ती आधी मनातल्या मनात मराठीत आणतो : तीन माणसं आहेत, तीन मांजरं आहेत, तीन गाड्या आहेत. इंग्रजीत 'थ्री' तोच, मराठीत 'तीन' तोच. मग जपानीत जाताना त्याला कळतं की नुसतं तीन म्हणून भागत नाही.

जपानीत ही वाक्यं अशी होतात : हितो गा सान्निन इमासु. नेको गा सांबिकी इमासु. कुरुमा गा सांदाइ आरिमासु. संख्येला चिकटून आलेले निन, हिकी आणि दाइ हे गणकशब्द. निन माणसांना. हिकी मांजर, कुत्रा, मासा, किडा अशा लहान प्राण्यांना. गाय, घोडा, हत्ती यांना तो चालत नाही, त्यांना तोओ लागतो. दाइ यंत्रांना आणि वाहनांना : मोटार, सायकल, संगणक, कपडे धुण्याचं यंत्र, इतकंच काय पियानोसुद्धा. क्रियापदही बदलतं. जिवंतांना इमासु, निर्जीवांना आरिमासु. आपलं 'आहेत' सगळ्यांना एकच.

उच्चारांचा त्रास हिकीमध्ये आहे. एक इप्पिकी, दोन निहिकी, तीन सांबिकी, सहा रोप्पिकी. दाइ मात्र बिचारा सरळ आहे, कुठेच बदलत नाही. निनमध्ये पहिले दोन आकडे वेगळे आहेत, हितोरी आणि फुतारी. तीनपासून सान्निन, योनिन, गोनिन असे नियमाने चालतात. हे पाठांतराचं काम आहे, त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

मला बोलायचं आहे ते 'मराठीत असलं काही नाही' या समजुतीबद्दल. विद्यार्थीच नव्हे, शिकवणारेही असं म्हणतात. मांजरांच्या आणि मोटारींच्या बाबतीत ते खरं आहे. माणसांच्या बाबतीत खरं नाही.

वाक्यातून नाम काढून टाका आणि पाहा. 'किती माणसं आली?' या प्रश्नाला आपण 'तीन आली' असं सहसा म्हणत नाही. म्हटलं तर पार्सलं आल्यासारखं वाटतं. आपण म्हणतो 'तिघे आले', 'तिघी आल्या', 'तिघं आली' किंवा 'तीन जण आले'. मांजरांबद्दल मात्र 'तीन आली' अगदी ठीक, आणि गाड्यांबद्दल 'तीन आल्या'. म्हणजे नाम शेजारी असेपर्यंत आपलं वेगळेपण झाकलेलं राहतं. नाम गेलं की माणसाची संख्या वेगळा वेश घेते. जपानीत हितोरी-फुतारी हे दोनच आकडे वेगळे, आपल्याकडे दोघे, तिघे, चौघे. पाचापासून आपणही नियमाला लागतो : पाच जण, सहा जणी.

बेळगावच्या आणि हैदराबादच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. कन्नडमध्ये इब्बरु, मूवरु आणि तेलुगूत इद्दरु, मुग्गुरु हे माणसांचेच आकडे आहेत, आणि दोन्हीकडे त्यांत बाई-पुरुष असा भेद नाही. जपानी फुतारीही तसंच. आपल्या दोघे-दोघींना मात्र तो भेद करावाच लागतो. अनुवाद अडतो तो इथेच.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू. समजा इंग्रजीत एवढंच आहे : देअर वेअर थ्री लास्ट नाइट. नाऊ देअर आर टू. मागेपुढे संदर्भ नाही. इंग्रजीवरून हे काय आहे ते कळतच नाही. मूळ जपानीत सान्निन आणि फुतारी असेल, तर ती माणसं आहेत हे कळलं. स्त्रिया की पुरुष, हे कळलं नाही. 'तिघे होते, आता दोघेच आहेत' असं लिहिलं की आपण त्यांना पुरुष केलं. 'तिघी होत्या' म्हटलं की स्त्रिया केलं. 'तिघं होती, आता दोघंच आहेत' यात मिश्र गट सूचित होतो. म्हणून खरोखरच माहिती नसेल तिथे मी 'तीन जण होते, आता दोघंच राहिलेत' असं काही लिहिणं पसंत करतो. 'जण' सर्वांना पोटात घेतो; 'जणी' हा वेगळा शब्द हाताशी असला तरी.

तिथेच सांबिकी आणि निहिकी असेल, तर गोष्ट उलटी होते. लहान प्राणी आहेत एवढं जपानीने सांगितलं, पण मराठीला त्याचा उपयोग नाही. तिला नामाचं लिंग हवं. मांजरं असतील तर 'तीन होती', कुत्रे असतील तर 'तीन होते', माश्या असतील तर 'तीन होत्या'. प्राणी कोणता ते शोधल्याशिवाय क्रियापद लिहिता येत नाही. सांदाइ आणि निदाइ असेल तरीही तेच : गाड्या 'होत्या', संगणक 'होते', यंत्रं 'होती'. अशा वेळी मी पहिल्या वाक्यात नाम घालतो, 'काल रात्री तीन गाड्या होत्या', आणि दुसऱ्यात गाळतो, 'आता दोनच आहेत'. जपानीत गणकशब्दाने जे काम केलं, ते मराठीत एकदा नाम घालून करावं लागतं. हे पदरचं घातलेलं नव्हे.

शब्दक्रमाचीही एक गंमत आहे. 'नेको गा सांबिकी इमासु' शब्दाला शब्द लावून केलं की 'मांजरं तीन आहेत' होतं. मराठी कानाला हे कुणीतरी विचारलेल्या 'किती?' चं उत्तर वाटतं. जपानीत तो साधा, नेहमीचा क्रम आहे. म्हणून 'तीन मांजरं आहेत' हेच बरोबर.

आता मला सर्वांत आवडणारी जागा. जपानी बालसाहित्यात प्राणी माणसांसारखे बोलू-वागू लागले की त्यांना कधी कधी हिकीऐवजी निन लावतात. कोल्हा, माकड आणि ससा एकत्र प्रवासाला निघाले आणि लेखकाने सान्निन लिहिलं, तर त्याने त्यांना माणसांत घेतलं. इंग्रजीत हे 'द थ्री ऑफ देम' होतं. सांबिकी असतं तरी तेच झालं असतं. मराठीत मात्र हा फरक टिकवायचं साधन आपल्याकडे आयतं आहे. सांबिकी असेल तर 'तिन्ही प्राणी निघाले'. सान्निन असेल तर 'तिघेही निघाले'. आपल्याकडे गोष्ट सांगणारी आजी हे न सांगता करते. उंदीर-मांजर भांडत असतील तोवर 'ती दोन', मैत्री झाली की 'ती दोघं'.

जपानी पुस्तकांचे मराठी अनुवाद पुष्कळदा इंग्रजीवरून होतात, आणि तिथे हा फरक आधीच पुसला गेलेला असतो. इंग्रजीवरून काम करणाऱ्याने शक्य असेल तर मूळ जपानी पान समोर ठेवावं आणि आकड्याच्या लगेच पुढचं अक्षर तेवढं पाहावं. जपानी येत नसली तरी चालेल. निनचं अक्षर दोनच रेघांचं आहे, पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखं. हिकीला चार रेघा आहेत आणि दाइला पाच.