आकडा चुकला, आता काय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

आज मी माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे. गर्भलिंग निदानाच्या प्रश्नावर आपण काही संघटनांनी मिळून निवेदन द्यायचे ठरवले होते. आकडेवारी गोळा करायचे काम माझ्याकडे होते. मी चाळीसएक जणींना ई-मेल पाठवली. त्यात लिहिले, ‘महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ९२९ झाल्या. म्हणजे थोडी सुधारणा दिसते.’

दोन दिवसांनी तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘अगं, आमच्या अंगणवाडीच्या पटावर तर मुली कमीच दिसतात. सुधारणा कुठली?’ मी पुन्हा जनगणनेचा तक्ता काढला. ९२९ हा आकडा खराच होता, पण तो सगळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांचा. शून्य ते सहा वयोगटाचा आकडा होता ८९४. मी भलत्याच रकान्यातला आकडा उचलला होता.

नुसता आकडाच चुकला असता तर एक वेळ चालले असते. पण इथे निष्कर्षच उलटा झाला होता. ९१३ वरून ९२९ म्हणजे वाढ, आणि ९१३ वरून ८९४ म्हणजे १९ ने घट. हे निवेदन तसेच गेले असते तर साहेबांनी आपलाच कागद आपल्यापुढे धरला असता, ‘तुम्हीच म्हणता सुधारणा आहे, मग सोनोग्राफी केंद्रांची तपासणी कशाला वाढवायची?’

खरे सांगते, पहिला विचार आला तो गुपचूप नवी फाइल पाठवून द्यावी असा. पण ज्यांनी जुनी फाइल आधीच छापायला दिली, त्यांना काय बदलले ते कसे कळणार? दुसरा विचार होता लांबलचक माफीपत्राचा. तसे मी लिहिलेही. ‘मला फार अपराधी वाटते आहे, एवढ्या जबाबदारीच्या कामात माझ्याकडून असे कसे झाले’ वगैरे. वाचून पाहिले, तर खरा आकडा पाचव्या ओळीत होता. शिवाय असे पत्र गेले की दहा जणी ‘जाऊ दे गं, होतं असं’ म्हणून उत्तर देतात, आणि त्या दहा उत्तरांखाली दुरुस्ती दडपून जाते. चूक माझी, आणि समजूत घालायचे काम मात्र इतरांवर!

म्हणून ते खोडले. जुन्याच ई-मेलला, सगळ्यांना जाईल असे उत्तर दिले, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकाखाली एक राहतात. विषयाच्या जागी आधी ‘दुरुस्ती’ हा शब्द घातला. मजकूर एवढाच:

‘माझ्या मागच्या ई-मेलमधला ९२९ हा आकडा चुकीचा आहे. २०११ च्या जनगणनेच्या अंतिम आकडेवारीप्रमाणे महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली आहेत. ९२९ हे सर्व वयांचे प्रमाण आहे. २००१ चा ९१३ हा आकडा बरोबर आहे. त्यामुळे “सुधारणा दिसते” हे वाक्य काढावे. प्रमाण १९ ने घटले आहे. आपल्या मागण्या तशाच राहतात. सुधारलेला तक्ता सोबत आहे, जुना वापरू नये. चुकीबद्दल दिलगीर आहे.’

माफीची ओळ एकच, आणि तीही शेवटी. चूक कशी झाली ते एका वाक्यात सांगितले, कारण दुसरी कोणी तोच तक्ता उघडेल तेव्हा ती रकाना नीट पाहील. त्या वेळी मी किती दमले होते, ते लिहिले नाही. त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

पाठवण्याआधी मात्र आकडा मूळ तक्त्यावरून दोनदा ताडून पाहिला. दुरुस्तीचीही दुरुस्ती करावी लागली तर तिसऱ्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? झालेही तसेच. एकीने विचारले, ‘मी तर ८८३ वाचले होते.’ तेही खोटे नव्हते. २०११ साली आधी जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकडेवारीत ८८३ होते, अंतिम आकडेवारीत ८९४ झाले. मी ‘अंतिम’ हा शब्द लिहिला होता, म्हणून एका ओळीत उत्तर देता आले.

एवढ्याने काम संपले नाही. ई-मेल सगळ्याच जणी लगेच उघडत नाहीत. निवेदन टाइप करणारीला आणि पोस्टर रंगवणाऱ्या दोघींना मी फोन केला. एका पोस्टरवर ९२९ रंगवून झाले होते. त्यावर कागद चिकटवून ८९४ लिहिले. जिने आकडा पुढे दुसऱ्या गटाला पाठवला होता, तिला दुरुस्तीही तिकडे पाठवायला सांगितले, कारण तो गट माझ्या यादीत नव्हता.

निवेदन ८९४ घेऊनच गेले. आणि त्या ताईंना मी फोन करून सांगितले, तुमचा पट बरोबर होता.