जन्मभराचा दाखला आणि मुदतीचा दाखला

आमच्या रात्रीच्या वर्गाला येणारे एक गृहस्थ एकदा दोन जाहिराती घेऊन आले. मुलाला वेल्डर करायचे होते. एक केंद्र म्हणत होते, २२,००० रुपये भरा, सहा दिवसांत पाइप-वेल्डिंगचा दाखला घ्या, आणि तोही जन्मभराचा. दुसरे केंद्र ९,००० मागत होते. मुदत दोन वर्षे.

“दर दोन वर्षांनी नऊ हजार कुठून आणू? त्यापेक्षा एकदाच म्हैस विकून मोकळा होतो,” ते म्हणाले.

हिशेब वरवर बरोबर वाटतो. आम्ही म्हटले, म्हैस राहू द्या. जिथे नोकरी हवी, त्या कारखान्याच्या फाटकावर आधी विचारू या.

फाटकावरच्या मुकादमाने दोन्ही कागद वाचले आणि परत दिले. “यातला कोणताही आणा, आम्ही पोराचा हात पाहणारच!” बॉयलर आणि दाबाच्या टाक्या यांच्या कामाला तिथे एएसएमई नावाचा अमेरिकेतला नियम होता. त्यात जो काम करवून घेतो, त्यानेच वेल्डरची परीक्षा घ्यायची आणि दाखल्यावर सही करायची. त्या दाखल्यावर शेवटची तारीख नसते. पण त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, की दाखला संपला. आयएसओच्या नियमात दोन किंवा तीन वर्षांची मुदत लिहितात. पण तिथेही दर सहा महिन्यांनी, हा माणूस काम करतो आहे, अशी सही लागते. मग ‘जन्मभराचा’ या शब्दाला जास्तीचे १३,००० कशाला मोजायचे?

आयटीआयचा दाखला वेगळा, बरं का. त्याला मुदत नाही. वेल्डरचे शिक्षण वर्षभराचे असते, आणि उमेदवारीला व सरकारी भरतीला तो दाखला उपयोगी पडतो. पण तो शिकल्याचा पुरावा. आज हात कसा चालतो, हे त्यावरून कळत नाही.

ते कळते परीक्षेत. पाइप ४५ अंशांत तिरपा बांधतात. तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच भोवती फिरून, वाकून, उताणे होऊन सांधा भरायचा. मग सांध्याच्या पट्ट्या कापून नालेसारख्या वाकवतात. भेग तीन मिलिमीटरपेक्षा मोठी उघडली, की नापास.

म्हणून आम्ही दोन्ही केंद्रांना एकच विचारले, पोराला सांधे किती भरायला द्याल? महागडे म्हणाले, चार. दुसरे म्हणाले, महिनाभरात चाळीस, आणि पट्ट्या त्याच्यासमोर वाकवू. गृहस्थांनी तिथे पैसे भरले. दाखल्यासाठी नव्हे, त्या चाळीस सांध्यांसाठी.

फाटकावर पहिल्या खेपेला पोरगा नापास झाला. सांधा मुळाशी, आतल्या बाजूने भरलाच नव्हता. पट्टी वाकवताच तोंड उघडले. तीन आठवडे सराव करून तो पुन्हा गेला आणि पास झाला. कारखान्याने आपल्या नावाचा दाखला केला, त्याचे पैसे घेतले नाहीत. केंद्राचा दाखला घरी ट्रंकेत आहे. पुढे नोकरी बदलली, तेव्हा नव्या फाटकावर त्याला पुन्हा तिरपा पाइप बांधून दिला.