‘होईल’, ‘परवा’ आणि ‘आपण’ : दूरच्या सहकाऱ्याला लिहायचा निरोप

(व्याख्यानाचा मजकूर)



मी लेखक नाही. इंदूरला घरी बसून संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. माझ्या टीममधले काही जण सॅन फ्रान्सिस्कोला आहेत. त्यांची आणि माझी गाठ क्वचितच पडते. जे काम होते ते एकमेकांना लिहून ठेवलेल्या निरोपांवर होते. आज मी अशा एका निरोपाबद्दल बोलणार आहे. तो मीच लिहिला होता आणि वाईट लिहिला होता.

गोष्ट ११ नोव्हेंबर २०२५ ची, मंगळवारची. एका ऑनलाइन दुकानाच्या काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. मी दिवसभर शोध घेतला, कारण सापडले, दुरुस्तीही तयार झाली. ती लागू करायला तिकडच्या प्रमुखाची परवानगी हवी होती. संध्याकाळी सात वाजता मी लिहिले : “पैशांची अडचण पाहिली. बरीचशी सुटली आहे. उद्यापर्यंत होईल. एकदा बघून घ्या.” आणि समाधानाने जेवायला बसलो.

आता घड्याळ बघा. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असते. तिथे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. प्रमुख नऊला कामावर आले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्यांनी विचारले, “नेमके काय बघू? उद्या म्हणजे कोणाचा उद्या?” मी झोपलो होतो. बुधवारी सकाळी दहाला मी उत्तर लिहिले तेव्हा तिकडे मंगळवारचे रात्रीचे साडेआठ झाले होते आणि ते घरी गेले होते. माझे उत्तर त्यांनी वाचले ते बुधवारी आपल्या रात्री साडेदहाला. एका प्रश्नाची किंमत बरोबर चोवीस तास. तेवढ्यात आणखी नऊ ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.

समोरासमोर बसलेल्या माणसाला हेच वाक्य चालले असते. त्याने मान वर करून विचारले असते आणि मी अर्ध्या मिनिटात सांगितले असते. दूरच्या माणसाला लिहिताना ते अर्धे मिनिट नसते. म्हणून तो काय विचारील हे आधीच ओळखून त्याचे उत्तर मजकुरात ठेवावे लागते.

माझा मूळ निरोप इंग्रजीत होता, पण त्यातले दोष माझ्या बोलण्याच्या सवयींतून आलेले होते. आपले ‘होईल’ घ्या. त्यात कोण करणार हे नाही आणि कधी तेही नाही. शिवाय कित्येकदा ते सभ्य नकारासाठीही वापरले जाते. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही; क्रियापद येईपर्यंत कळत नाही. ‘उद्या’ सरळ वाटतो, पण माझा बुधवार सुरू होतो तेव्हा त्यांचा मंगळवार अर्धासुद्धा संपलेला नसतो. म्हणून वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिहावी. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण ११/१२ म्हटले की आपण अकरा डिसेंबर वाचतो आणि अमेरिकन माणूस बारा नोव्हेंबर. वेळेचा फरकही कायम नसतो. अमेरिकेतले बहुतेक भाग मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतात. आपण करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हाच फरक साडेबारा तासांचा होतो.

एका बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. “नोंदी तपासू” असे मी इंग्रजीत लिहिले की तिकडच्यांना वाटते इंदूरचे तपासतील, आणि मला अभिप्रेत असते की ते तपासतील. अर्थात ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा असते, तेव्हा मराठीनेही फार ऐटीत राहू नये. उपाय एकच : प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव.

तोच निरोप आज मी असा लिहीन :

“टीमप्रमुखांना दोन प्रश्न. एक : दुरुस्ती लागू करू का? दोन : ३७ ग्राहकांचे जादा पैसे परत करायला मंजुरी आहे का?

काय घडले : ७ नोव्हेंबरपासून आज संध्याकाळी ६ पर्यंत (भारतीय वेळ) ३७ ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. बँकेचे उत्तर दहा सेकंदांत आले नाही की आपली आज्ञावली व्यवहार फसला असे समजून मागणी पुन्हा पाठवत होती.

काय झाले : आता प्रत्येक मागणीसोबत एक कायम क्रमांक जातो. तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. चाचणीत हे चालले. खऱ्या ग्राहकांवर अजून वापरलेले नाही.

काय राहिले : पैसे परत करणे. ३७ जणांची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर आले नाही तर : बुधवार १२ नोव्हेंबर, भारतात सकाळी १०.३० (तुमच्याकडे मंगळवार रात्री ९) वाजता मी दुरुस्ती लागू करीन. बिघडल्यास ती दोन मिनिटांत मागे घेता येते. पैसे मात्र तुमच्या मंजुरीशिवाय परत करणार नाही.”

इथे प्रश्न वर आला आहे, कारण सकाळी उठून चाळीस निरोप वाचणाऱ्याला आधी कळायला हवे की आपल्याकडून काय हवे आहे. ‘बरीचशी’ हा शब्द गेला. झालेले आणि राहिलेले वेगळे झाले. पण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी शेवटचा परिच्छेद आहे. मौनाचा अर्थ काय धरायचा, हे त्यात आधीच ठरवून ठेवले आहे. मात्र त्याला मर्यादा हवी. मागे घेता येणारे पाऊलच मौनावर उचलावे, आणि तेही टीमने तशी मुभा दिली असेल तर. एकदा दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, म्हणून तिथे थांबायचे.

निरोप जमला की नाही हे कसे ओळखावे? पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्याला कोण, काय, किती, कधी असे विचारावे. आणि पाठवल्यानंतर आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून ठेवावा, त्याच्यापुढे कोणते वाक्य असते तर तो आला नसता हे लिहावे. महिनाभरात माझ्या वहीत निम्म्याहून अधिक प्रश्न वेळेचे आणि ‘कोण करणार’ याचे निघाले. म्हणजे मला आणखी लांब लिहायचे नव्हते, तीच दोन वाक्ये नीट लिहायची होती.

काही गोष्टी मात्र लिहून सुटत नाहीत. दुकान बंद पडले असेल तर निरोप लिहीत बसू नये, फोन करून उठवावे. कोणाची चूक दाखवायची असेल, किंवा एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा लेखी उत्तर द्यावे लागत असेल, तर दोघांनी जागे राहून बोलावे.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. निबंध तपासताना आपण शुद्धलेखनाखाली लाल रेघ ओढता. एखादी रेघ ‘होईल’ खालीही ओढा, आणि समासात लिहा : कोण करील? कधी?